दसऱ्याच्या दुचाकी ऑफरचा हिशेब

दसरा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी खरेदीसाठी पंचांग उघडावे लागत नाही, म्हणून सराफाच्या पेढीवर जशी गर्दी होते तशीच दुचाकीच्या शोरूममध्येही होते. खंडेनवमीला घरातली जुनी गाडी धुऊन-पुसून, झेंडूचा हार घालून पुजायची आणि दसऱ्याला नवी गाडी दारात आणायची, हा क्रम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांनी अंगवळणी पाडून घेतला आहे. त्याआधीच्या पितृपंधरवड्यात अनेक जण नवी खरेदी टाळतात. त्यामुळे डीलरच्या हाती प्रत्यक्ष विक्रीसाठी नवरात्राचे मोजके दिवस राहतात, आणि त्या दिवसांचे गिऱ्हाईक आधीच बांधून ठेवण्यासाठी ऑफरच्या पोस्ट सुरू होतात. व्हॉट्सॲपचे स्टेटस, फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गावातले ग्रुप यांवर त्या फिरू लागतात.

अशी पोस्ट साधारणपणे पुढच्यासारखी असते:

‘दसरा धमाका! नवी बाइक फक्त ९०,००० रुपयांपासून. ८,००० रुपयांपर्यंत एक्स्चेंज बोनस. हेल्मेट मोफत. दसऱ्याच्या मुहूर्तावर डिलिव्हरी. त्वरा करा, अटी लागू.’

वाक्ये छोटी आहेत, पण त्यांतून पैशाची, जुन्या गाडीच्या मोबदल्याची आणि वेळेची अशी तीन आश्वासने दिली जातात. शोरूमच्या काउंटरवर होणारी बहुतेक भांडणे या तिन्हींपैकी एकात काहीतरी गाळल्यामुळे होतात. वरच्या नमुन्यातले आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत. त्यांच्याच आधारे एकेक आश्वासन उलगडून पाहता येते.

‘९०,००० रुपयांपासून’

हा आकडा बहुतेक वेळा एक्स-शोरूम किमतीचा असतो. त्यात गाडीची मूळ किंमत आणि जीएसटी येतो. गाडी रस्त्यावर आणायला लागणारा खर्च त्यात नसतो. महाराष्ट्रात नव्या दुचाकीवर एकरकमी वाहन कर भरावा लागतो. तो इंजिनच्या क्षमतेनुसार बदलतो आणि नेहमीच्या प्रवासी बाइकसाठी साधारण ११ टक्के धरला जातो. म्हणजे ९०,००० रुपयांच्या गाडीवर सुमारे ९,९०० रुपये. त्यानंतर विमा. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा जोडला की ही रक्कम सहज ६,५०० रुपयांच्या घरात जाते. नोंदणी आणि स्मार्ट कार्डासाठी आणखी ६०० रुपये धरले, तर ऑन-रोड किंमत १,०७,००० रुपये होते. पोस्टमधला आकडा आणि खिशातून जाणारा आकडा यांत १७,००० रुपयांचे अंतर पडते.

हे अंतर म्हणजे फसवणूक नव्हे, कारण कर आणि विमा कोणत्याही शोरूममध्ये भरावाच लागतो. अडचण येते ती आकड्यापुढे ‘एक्स-शोरूम’ हा शब्द लिहिलेला नसतो किंवा शेवटचे ‘पासून’ बारीक अक्षरात असते तेव्हा. ‘पासून’ लिहिले की तो आकडा सर्वांत स्वस्त व्हेरिएंटचा असतो, आणि तो व्हेरिएंट शोरूममध्ये एकही नसू शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत हा मुद्दा स्पष्ट आहे. जाहीर केलेल्या किमतीला वस्तू विकण्याची वाजवी शक्यता नसताना केवळ गिऱ्हाईक आत ओढण्यासाठी तो भाव छापता येत नाही. म्हणून नीट लिहिलेल्या पोस्टमध्ये मॉडेल, व्हेरिएंट आणि ऑन-रोड रक्कम हे तिन्ही एकत्र असतात.

किमतीबाबत आणखी एक घोळ जुन्या पोस्टमुळे होतो. व्हॉट्सॲपचे स्टेटस २४ तासांत नाहीसे होते, पण त्याचा स्क्रीनशॉट किंवा फॉरवर्ड केलेले चित्र वर्षानुवर्षे फिरत राहते. २२ सप्टेंबर २०२५ला, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेच्याच दिवशी, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्या सीमेच्या अलीकडचे आणि पलीकडचे चित्र एकाच ग्रुपवर पडले, तर त्याच गाडीचे दोन भाव दिसतात आणि दोन्ही आपापल्या वेळी खरे असतात. त्यामुळे चित्रावरच तारीख आणि वर्ष छापणे डीलरच्या हिताचे असते. नुसते ‘दसरा ऑफर’ म्हटले तर ती कोणत्या सालची, हे कळायला मार्ग उरत नाही.

‘८,००० रुपयांपर्यंत एक्स्चेंज बोनस’

पोस्टमधले सर्वांत मोहक आणि सर्वांत गैरसमज करून देणारे वाक्य हेच. जुनी गाडी दिल्यावर गिऱ्हाइकाला दोन वेगवेगळ्या रकमा मिळतात. एक म्हणजे जुन्या गाडीची लावलेली किंमत. दुसरी म्हणजे बोनस, म्हणजे जुनी गाडी देऊन नवी घेतल्याबद्दल कंपनी किंवा डीलर वर देतो ती रक्कम. पोस्टमध्ये फक्त दुसरी रक्कम असते, कारण पहिली जुनी गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. डीलरचा माणूस किंवा त्याच्याशी बांधलेला जुन्या गाड्यांचा व्यापारी गाडी सुरू करून पाहतो, इंजिनचा आवाज ऐकतो, धूर येतो का ते बघतो, टायर, चेन-स्प्रॉकेट आणि चेसिसवरचा नंबर तपासतो, आरसी बुक आणि विमा बघतो, आणि मग आकडा सांगतो.

या दोन रकमांचा परस्परसंबंध न समजल्यामुळे तोटा कसा होतो, ते एका उदाहरणावरून दिसते. समजा, एका गिऱ्हाइकाकडे २०१५ सालची १२५ सीसीची बाइक आहे. गावातला गॅरेजवाला ती २२,००० रुपयांना घ्यायला तयार आहे. शोरूममध्ये तिची किंमत १८,००० रुपये लागते. ‘८,००० रुपयांपर्यंत’ या बोनसची चौकशी केल्यावर कळते, की पूर्ण ८,००० रुपये फक्त त्याच कंपनीच्या जुन्या गाडीवर आणि महागड्या मॉडेलवर मिळतात, या गिऱ्हाइकाने निवडलेल्या गाडीवर ३,००० रुपये मिळतात. दोन्ही मिळून २१,००० रुपये होतात. म्हणजे बोनस घेऊनही जुनी गाडी बाहेर विकण्यापेक्षा १,००० रुपये कमीच हाती पडतात. बोनस खरा आहे, पण जुन्या गाडीच्या कमी किमतीने तो खाल्लेला आहे.

म्हणून तुलना नेहमी बेरजेची करायची असते. शोरूमने लावलेली किंमत अधिक बोनस ही एक बाजू, बाहेरच्या व्यवहारात मिळणारी रक्कम ही दुसरी. शोरूमची बेरीज थोडी कमी असली तरी ती स्वीकारण्यासारखी असू शकते, कारण दुसऱ्या बाजूला एक न दिसणारा खर्च असतो, तो नावबदलाचा. जुनी गाडी ओळखीच्या माणसाला विकली, पण आरटीओत नाव बदलले नाही, तर त्या गाडीचे चलान जुन्या मालकाच्याच मोबाइलवर येत राहते. अपघात झाला तर नोटीसही त्याच्याच पत्त्यावर येते. नावबदलासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५ही लागतो.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांच्या अधिकृत डीलरची तरतूद केली आणि ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली. ज्या डीलरकडे आरटीओचे हे प्राधिकारपत्र आहे, तो फॉर्म २९सीद्वारे गाडी ताब्यात घेतल्याची नोंद करतो आणि पुढच्या विक्रीपर्यंत त्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. एक्स्चेंजची पोस्ट करणाऱ्या शोरूमकडे असे प्राधिकारपत्र आहे का, हा प्रश्न बोनसच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. तो असेल तर पोस्टमध्ये तसे लिहिणे हा डीलरचा खरा फायदा ठरतो, आणि गिऱ्हाइकाला गॅरेजवाल्याच्या १,००० रुपये जास्तीच्या भावाकडे पाठ फिरवायला सबळ कारण मिळते.

बोनसच्या अटींमध्ये दोन गोष्टी पोस्टमधून हमखास गळतात. जुनी आणि नवी गाडी एकाच नावावर किंवा एकाच कुटुंबात असावी लागते का, ही पहिली. जुनी गाडी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलीच्या नावावर, हे तर घरोघरचे चित्र आहे. दुसरी म्हणजे बोनस आणि सणाची रोख सूट दोन्ही एकत्र मिळतात, की त्यांपैकी एकच. ‘दोन्ही मिळतात’ किंवा ‘एकच निवडावी लागेल’ एवढे चार शब्द लिहिले की अर्धे फोन वाचतात.

जुनी गाडी देताना आणखी एक रक्कम हातची निसटू शकते. विम्यात काही वर्षे दावा केलेला नसेल, तर नो क्लेम बोनस साठलेला असतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे विमा कंपनीकडून पत्र घेऊन तो नव्या गाडीच्या विम्याला लावता येतो. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात तो २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. एक्स्चेंजच्या घाईत हे पत्र बहुतेक जण मागत नाहीत.

‘हेल्मेट मोफत’

यावर फार थांबण्याची गरज नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८व्या नियमानुसार दुचाकीच्या विक्रीबरोबर उत्पादकाने भारतीय मानक ब्युरोच्या मानकाचे हेल्मेट द्यायचेच असते. जे कायद्यानेच मिळायचे आहे ते सणाची भेट म्हणून दाखवले, तर पोस्टचे वजन वाढण्याऐवजी कमी होते. डीलर स्वतःच्या खर्चाने दुसरे हेल्मेट किंवा सीट कव्हर देत असेल, तर तेवढेच भेट म्हणून लिहिणे योग्य.

‘मुहूर्तावर डिलिव्हरी’

पैशाचे आश्वासन मोडले तर गिऱ्हाईक घासाघीस करते. वेळेचे मोडले तर घरची सगळी मंडळी ताटकळतात आणि नारळ हातातच राहतो. म्हणूनच अनुभवी डीलर या वाक्याला सर्वाधिक जपतात.

दसऱ्याला गाडी हातात पडण्यासाठी काही पायऱ्या एकामागून एक पार पडाव्या लागतात. आधी पूर्ण रक्कम जमा होते, किंवा कर्ज असेल तर बँक अथवा फायनान्स कंपनी मंजुरीचा डीओ पाठवते. मग त्या विशिष्ट चेसिस नंबरच्या गाडीचा विमा काढला जातो. त्यानंतर ‘वाहन’ पोर्टलवर कागद चढवून कर भरला जातो आणि नोंदणी क्रमांक मिळतो. यालाच बोलीभाषेत गाडी पासिंग होणे म्हणतात. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची आहे. क्रमांक मिळाल्यावर ती प्लेट बनून येते आणि डीलर ती बसवतो. शेवटी बॅटरी, ब्रेक, दिवे, हवा आणि ऑइल यांची डिलिव्हरीपूर्व तपासणी होते.

यातली नोंदणीची पायरी टाळता येत नाही. मोटार वाहन नियमांच्या ४२व्या नियमानुसार, कायमची किंवा तात्पुरती नोंदणी झाल्याशिवाय डीलरने गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यायची नसते. दसऱ्याला सरकारी सुट्टी असते, म्हणून हे सगळे आधीच उरकावे लागते. २०२६चा दसरा मंगळवारी, २० ऑक्टोबरला आहे. त्याआधीचे शनिवार-रविवार १७ आणि १८ तारखेला येतात, आणि राज्य सरकारी कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा २०२०पासून सुरू आहे. प्लेट येण्यासाठी लागणारे दिवस धरले, तर कागद आणि पैसे १४ किंवा १५ ऑक्टोबरपर्यंत हाती असायला हवेत. पसंतीचा क्रमांक हवा असेल तर त्याचा वेगळा अर्ज आणि वेगळे शुल्क असते, त्यामुळे तारीख आणखी अलीकडे घ्यावी लागते. पोस्टमध्ये ‘दसऱ्याला डिलिव्हरी’ लिहून ही शेवटची तारीख न लिहिणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पैसे भरणाऱ्याला तेच वाक्य वाचून गाडी मिळण्याची खात्री वाटत असते.

दुसरा प्रश्न त्या दिवसाच्या वेळेचा. समजा, एका शोरूममध्ये गाडी ताब्यात देण्यासाठी तीन जागा आहेत. सह्या, चाव्या, गाडीची माहिती, नारळ, लिंबू, हार, पेढे आणि घरच्यांचा फोटो धरून एका गाडीला सुमारे अर्धा तास लागतो. म्हणजे तासाला सहा गाड्या जातात. दसऱ्यासाठी ५४ गाड्यांचे बुकिंग असेल, तर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या नऊ तासांत सगळ्या गाड्या नीट निघतात. पण पोस्टमध्ये नुसते ‘सकाळच्या मुहूर्तावर’ म्हटले आणि दहा वाजता ४० कुटुंबे दारात उभी राहिली, तर चाळिसावी गाडी बाहेर पडायला पाच वाजतात. जागा, माणसे आणि गाड्या सगळे पुरेसे असूनही केवळ एका वाक्यामुळे गोंधळ उडतो.

यावर उपाय वेळेच्या स्लॉटचा. बुकिंगच्या वेळीच अर्ध्या तासाचा स्लॉट लिहून दिला जातो आणि प्रत्येक स्लॉटमध्ये तीनच गाड्या ठेवल्या जातात. येथे पंचांगाचाही हिशेब येतो. राहुकाल मानणारे लोक मंगळवारी दुपारी साधारण तीन ते साडेचार ही वेळ टाळतात, आणि त्याआधीच्या विजय मुहूर्ताच्या वेळेला मागणी वाढते. जाणता डीलर राहुकालातले स्लॉट न मानणाऱ्यांसाठी राखतो किंवा तेवढ्या वेळात पुढच्या गाड्यांची तपासणी उरकतो. शिवाय उशीर झालेल्यांसाठी दर दोन-तीन तासांनी एक स्लॉट मोकळा ठेवला, तर मागच्या सगळ्यांची वेळ पुढे ढकलली जात नाही. ज्यांना मुहूर्ताची घाई नाही त्यांना नवरात्रातल्या दुसऱ्या दिवशी डिलिव्हरी घेतल्यास एखादी सर्व्हिस मोफत दिली, तरी दसऱ्याचा भार हलका होतो.

‘अटी लागू’

हे दोन शब्द एकटे आले तर त्यांचा उपयोग डीलरलाही होत नाही. २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याइतक्याच अक्षरांत असावा लागतो. मराठी पोस्टखाली इंग्रजीत मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेल्या अटी या कसोटीवर उतरत नाहीत. ‘त्वरा करा, शेवटच्या ५ गाड्या’ असे दर आठवड्याला लिहिणे हाही असाच प्रकार. अशा खोट्या घाईचा समावेश नोव्हेंबर २०२३मध्ये आलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

सुरुवातीची पोस्ट हे सारे ध्यानात घेऊन पुन्हा लिहिली, तर ती अशी होईल:

‘दसरा २०२६ (मंगळवार, २० ऑक्टोबर). १२५ सीसी, ड्रम ब्रेक व्हेरिएंट: एक्स-शोरूम ९०,००० रुपये, कर-विमा-नोंदणीसह १,०७,००० रुपये. जुनी दुचाकी दिल्यास तिच्या किमतीवर ३,००० रुपये बोनस. जुनी गाडी स्वतःच्या किंवा आई-वडील, पती-पत्नी, मुलांच्या नावावर चालेल. सणाची सूट आणि बोनस यांपैकी एकच मिळेल. जुन्या गाडीचे मूल्यमापन शोरूममध्ये, आरसी आणि विमा सोबत आणावा. दसऱ्याला डिलिव्हरीसाठी पूर्ण रक्कम व कागद १४ ऑक्टोबरपर्यंत. डिलिव्हरी स्लॉट सकाळी ९ ते संध्याकाळी ६, दर अर्ध्या तासाला ३ गाड्या. स्लॉट बुकिंग पावतीवर लिहून मिळेल.’

पोस्ट लांबली आहे आणि तिच्यात ‘धमाका’ नाही. पण प्रत्येक वाक्याचे उत्तर डीलर काउंटरवर देऊ शकतो, आणि गिऱ्हाईक ते आधीच वाचून येते. पहिल्या पोस्टला कदाचित जास्त फोन येतील, दुसरीला आलेल्या फोनमधून जास्त बुकिंग होतील.

वाचणाऱ्याने काय करावे, हेही यातूनच निघते. पोस्टचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवावा. बुकिंगच्या पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, ऑन-रोड रक्कम, जुन्या गाडीची किंमत, बोनस आणि डिलिव्हरीचा स्लॉट या गोष्टी लिहून घ्याव्यात, कारण ‘सांगितलं होतं’ला पुरावा लागतो. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती डीलर करू शकत नाही, म्हणून बाहेरचा भाव आधी विचारून ठेवावा. गाडी हाती घेताना चेसिस नंबर विम्याशी आणि नोंदणीच्या कागदाशी ताडून पाहावा. जुनी गाडी दिल्याची सही-शिक्क्याची पावती तारीख आणि वेळेसह घ्यावी आणि नावबदल झाला की नाही हे महिन्याभरात तपासावे. लिहून दिलेले पाळले गेले नाही, तर आधी डीलरकडे आणि कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.